साडेचार फुटी फोयरचा रेंडर: आरसा आणि दिवा खरं बोलतील असा

पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये फोयर म्हणून जे मिळतं ती खरं तर मुख्य दार आणि हॉल यांच्यामधली एक छोटी बोळकंडी असते. तिथे चपलांचं कपाट हवं, किल्ल्या ठेवायला कन्सोल हवं, निघताना केस नीट करायला आरसा हवा आणि वर उबदार पिवळसर दिवा हवा. चारही गोष्टी कागदावर मावतात. दार उघडलं की मावतात का, हा प्रश्न मात्र सुतार प्लाय कापायला घेतो तेव्हा निघतो.

त्यामुळे फोयरचा रेंडर मी गिऱ्हाइकाला खूश करायला म्हणून करत नाही, चार निर्णय आधीच घेता यावेत म्हणून करते. त्यात दोन गोष्टी हमखास फसवतात, आरसा आणि दिव्याचा रंग. या लेखात भर त्या दोनांवरच आहे. सॉफ्टवेअर ब्लेंडर आणि रेंडर इंजिन Cycles. दोन्ही फुकट आहेत आणि साध्या ग्राफिक कार्डवरही हे काम होतं.

उदाहरणाचं घर

कोथरूडमधला एक रीसेल फ्लॅट धरू. फोयर ४ फूट ६ इंच रुंद आणि ७ फूट लांब. स्लॅबची उंची साडेनऊ फूट, फॉल्स सीलिंग अर्धा फूट खाली, म्हणजे हातात ९ फूट. मुख्य दार अरुंद भिंतीत आहे आणि आत उघडतं. चौकटीसह त्याची रुंदी साडेतीन फूट. आत येताना बिजागरी उजवीकडे, कुलूप डावीकडे. उजवी भिंत सात फुटांवर संपते आणि तिथून हॉल सुरू होतो. फोयरला खिडकी नाही, म्हणजे दिवसाही दिवा लागणार.

मापं घेताना भिंतीची लांबी-रुंदी सगळेच घेतात. चौकटीच्या दोन्ही बाजूंना किती भिंत उरते, ते मात्र बऱ्याचदा राहून जातं. इथे ५४ इंचांतून दाराचे ४२ गेले की १२ उरतात. बिजागरीकडे ३ आणि कुलपाकडे ९. सगळं डिझाइन या ९ इंचांवर उभं आहे. त्याच वेळी स्विचबोर्ड, बेलचा पॉइंट आणि एमसीबीचा डबा कुठे आहेत तेही टेपने मोजून लिहा आणि मॉडेलमध्ये साधे खोके म्हणून ठेवून द्या. रेंडरमधून एमसीबीचा डबा गायब केला की चित्र सुंदर दिसतं, आणि साइटवर नेमका तिथेच आरसा टांगायचा असतो.

खोका उभा करणं

ब्लेंडरमध्ये एकक Metric असलं तरी मापाच्या चौकटीत थेट `4ft+6in` असं टाइप करता येतं. सॉफ्टवेअर ते १.३७ मीटर करून घेतं. इंचाचं मीटर करायला कॅल्क्युलेटर घेऊन बसू नका, चुका तिथेच होतात.

चारही भिंती, जमीन आणि छत वेगवेगळे ऑब्जेक्ट ठेवा. एकच क्यूब आतून पोकळ करून काम भागतं, पण पुढे एक भिंत कॅमेऱ्यापुरती लपवायची आहे आणि ती वेगळी असेल तरच ते जमेल. भिंती कोपऱ्यात आणि छताशी नीट भिडल्या पाहिजेत. फट राहिली तर बाहेरचा उजेड आत झिरपतो आणि कोपऱ्यात उजळ रेघ उमटते. अशी रेघ दिसली की दिव्याशी खेळत बसू नका, आधी कोपरा तपासा.

भिंतीचा रंग शुद्ध पांढरा कधीच ठेवू नका. Base Color मध्ये Value साधारण ०.८ च्या आसपास पुरे. खरा ऑफ व्हाइट रंगसुद्धा पडलेला सगळा उजेड परत फेकत नाही. १.० ठेवलं की अशा चिंचोळ्या जागेत प्रकाश या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो, सावल्या धुऊन निघतात आणि कपाट भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसतं.

चपलांचं कपाट

नेहमीच्या कपाटात चपला-बूट आडवे ठेवायचे तर आतून १२ इंच आणि बाहेरून १४ इंच खोली लागते. आपल्याकडे कुलपाच्या बाजूला ९ इंच आहेत. १४ इंचांचं कपाट लावलं तर ते चौकटीच्या पुढे ५ इंच येतं आणि आत शिरणाऱ्याचा खांदा रोज त्याला घासतो. म्हणून पुढे झुकणाऱ्या झडपांचं कपाट घ्यायचं. त्यात चपला तिरप्या उभ्या राहतात, म्हणून ९ इंचांत काम होतं. लांबी ३ फूट, उंची साडेतीन फूट. स्विचबोर्ड साधारण चार फुटांवर असतो, त्यामुळे कपाट त्याच्या खाली राहतं.

हे कपाट बंद आणि उघडं अशा दोन्ही अवस्थांत मॉडेल करा. झडपेचा ओरिजिन खालच्या कडेवर आणा आणि ती ४५ अंशांत फिरवा. झडप १४ इंच उंच असेल तर तिची वरची कड १० इंच पुढे येते. म्हणजे कपाट उघडं असताना ९ अधिक १०, म्हणजे १९ इंच अडले. आता दाराचं शटरही बिजागरीवर फिरवून पाहा. कपाट उघडं ठेवून कोणी बूट काढत असेल आणि बाहेरून दार ढकललं गेलं, तर शटरची कड झडपेवर आदळते. यावर उपाय असा की दाराजवळच्या पहिल्या खणात रोजच्या चपला न ठेवता पॉलिश, छत्र्या आणि क्वचित लागणारे जोड ठेवायचे. एवढं ठरवायला रेंडरही लागत नाही, व्ह्यूपोर्टमध्येच दिसतं.

मायक्याच्या बाबतीत एकच गोष्ट सांगते, ती म्हणजे रेषांचं माप. कंपनीच्या साइटवरून घेतलेलं चित्र बहुतेक वेळा पूर्ण आठ बाय चारच्या शीटचं असतं. ते तीन फुटांच्या शटरवर ताणून बसवलं की लाकडाच्या रेषा आकसतात आणि कपाट खेळण्यातलं वाटतं. चित्राचा जेवढा भाग शीटवर चार फुटांत येतो, तेवढाच मॉडेलवर १.२२ मीटरमध्ये यावा असं UV मोजून घ्या. शटरच्या कडांना Bevel मॉडिफायरने १ ते २ मिलिमीटरची गोलाई द्या. कडेवर उजेडाची बारीक रेघ आली की कपाट प्लायचं वाटू लागतं. खाली तीन इंचांचं आत घेतलेलं स्कर्टिंग आणि बाजूला हवेसाठी जाळी किंवा फट हवीच. पुण्याच्या पावसाळ्यात ओले जोड बंद कपाटात ठेवले की काय वास सुटतो ते वेगळं सांगायला नको.

कन्सोल आणि आरसा

कपाटानंतर त्याच भिंतीवर ६ इंच मोकळे सोडून ३ फूट लांब, १० इंच खोल आणि २ फूट ८ इंच उंच कन्सोल ठेवलं. एकूण ७८ इंच झाले, सात फुटांत बसले. त्याच्या वर २ फूट रुंद आणि ३ फूट उंच आरसा, खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर. म्हणजे वरची कड साडेसहा फुटांवर येते आणि घरातल्या सगळ्यांचे चेहरे त्यात मावतात.

आरशाचं मटेरियल सोपं आहे. Principled BSDF घ्या, Metallic १, Roughness ०, रंग किंचित करडा, ०.९ च्या आसपास. गडबड आकारात होते. आरशाला Bevel देऊन Shade Smooth केलं की कडांजवळचे नॉर्मल वाकतात आणि प्रतिबिंबातली चौकट लवलेली दिसते. आरशाची काच हा एक वेगळा सपाट प्लेन ठेवा, त्याला Shade Flat द्या आणि लाकडी चौकट स्वतंत्र करा. रेंडरमध्ये आरशातली सरळ रेघ वाकडी दिसली, तर कारण बहुधा हेच.

आता खरा प्रश्न: आरशात काय दिसणार? पाहुणा दाराच्या मधोमध उंबरठ्यावर उभा आहे असं धरा. चौकटीच्या कुलपाकडच्या कडेपासून भिंतीपर्यंत ९ इंच, दाराचा अर्धा २१ इंच, म्हणजे तो आरशाच्या भिंतीपासून ३० इंच लांब आहे. आरशाचा मध्य दारापासून ६० इंच आत आहे. नजर ३० इंच आडवी जाताना ६० इंच आत जाते. आरशावर आपटून परतताना समोरच्या भिंतीपर्यंत तिला ५४ इंच आडवं जायचंय, म्हणजे तोवर ती आणखी १०८ इंच आत जाईल. ६० अधिक १०८, म्हणजे १६८ इंच. आपलं फोयर ८४ इंचांवरच संपतं. थोडक्यात, दारातून पाहणाऱ्याला आरशात फोयर दिसतच नाही, दिसतो तो हॉल, फोयरच्या पुढे सात फुटांवरचा.

याचे दोन परिणाम. पहिला रेंडरवर: हॉल मॉडेल केलाच नसेल तर आरशात राखाडी पोकळी दिसते आणि चित्र खोटं का वाटतंय ते कळत नाही. आरशात काय हवं ते याच हिशेबाने काढा आणि हॉलचा तेवढा भाग ढोबळ तरी उभा करा. सोफ्याचा खोका, पडदा, भिंतीचा खरा रंग एवढं पुरतं. आरशातल्या वस्तूंना बारकावे लागत नाहीत, जागा आणि रंग बरोबर हवेत.

दुसरा परिणाम घरावर. दारात आलेल्या कुरिअरवाल्याला हॉलमधला सोफा दिसणार. हे रेंडरमध्ये दिसल्यावर घरच्या सूनबाई म्हणाल्या, "नको हो, आरसा दुसरीकडे घ्या." आरसा कपाटाच्या वर, दाराजवळ आणला असता तर त्यात फोयरचीच उजवी भिंत दिसली असती, पण तिथे स्विचबोर्ड आडवा येत होता. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला मी दिसणार तर मलाही तो दिसणारच ना? बसल्या जागेवरून दारात कोण आलंय ते कळेल." उजेडाची वाट दोन्हीकडून सारखीच असते, त्यामुळे मुद्दा बिनतोड होता. आरसा जागीच राहिला.

दिवा आणि त्याचा रंग

दिव्याचं मॉडेल साधं ठेवा. फॉल्स सीलिंगला चिकटलेली १२ इंच व्यासाची गोल तबकडी, तिच्या मटेरियलमध्ये Emission आणि Emission च्या Color मध्ये Blackbody नोड. वेगळा लाइट ऑब्जेक्ट न ठेवता तबकडीच उजेड देते, म्हणून आरशातही तिचा आकार बरोबर येतो. Strength २५ पासून सुरुवात करा आणि नंतर कमीजास्त करा. ब्लेंडरच्या लाइट ऑब्जेक्टला वॅटचा आकडा असतो, पण त्याची दिव्याच्या खोक्यावरच्या वॅटशी गल्लत करू नका. खोक्यावरचे वॅट वीज किती खर्च होते ते सांगतात, ब्लेंडरचे वॅट बाहेर पडणारा प्रकाश मोजतात. १८ वॅटचा पॅनेल आहे म्हणून तिथे १८ लिहिण्यात अर्थ नाही.

आता रंग. दुकानात 'वॉर्म व्हाइट' म्हणून मिळणारा दिवा साधारण ३००० केल्विनचा असतो. Blackbody मध्ये ३००० लिहिलं की अख्खं फोयर हळदीच्या दुधात बुडाल्यासारखं दिसतं. मग बहुतेक जण दिव्याचा आकडाच चुकीचा समजून मनाला येईल तो रंग भरतात. वास्तविक आकडा बरोबर आहे. आपला डोळा घरात शिरल्यावर त्या पिवळेपणाला सरावतो आणि भिंत पांढरीच मानतो. ब्लेंडरला तशी सवय नसते. त्याच्या हिशेबात पांढरं म्हणजे ६५०० केल्विनच्या आसपासचा, ढगाळ दिवसाचा उजेड.

इलाज कॅमेऱ्याच्या बाजूला करायचा. ब्लेंडर ४.३ पासून Render Properties मधल्या Color Management खाली White Balance आहे. ते चालू करून Temperature ४००० ते ४३०० वर आणा. दिवा ३००० वरच राहू द्या. आता भिंत किंचित उबदार दिसते, मायक्याचा रंग ओळखू येतो आणि हॉलमधून येणारा दिवसाचा उजेड हलका निळसर होतो. डोळ्यालाही साधारण असंच दिसतं. Temperature थेट ३००० केलं तर भिंत स्वच्छ पांढरी होईल आणि उबदारपणा पार निघून जाईल, मग वॉर्म दिवा घेतलाच कशाला? जुन्या आवृत्तीत ही सोय नसेल तर Blackbody ४१०० च्या आसपास ठेवून साधारण तोच परिणाम मिळतो, मात्र हॉलमधला उजेडही त्याच हिशेबाने थोडा निळसर करावा लागतो.

दिव्याची जागा रेंडरमध्येच ठरवा, कारण एकदा फॉल्स सीलिंगला भोक पडलं की ते बुजवणं कटकटीचं. सहसा दिवा फोयरच्या मधोमध येतो, म्हणजे आरशाच्या भिंतीपासून २७ इंचांवर. कन्सोल १० इंच आहे, म्हणजे आरशात पाहणारा माणूस भिंतीपासून साधारण २८ इंचांवर उभा राहतो. दिवा जवळपास त्याच्या डोक्यावर. डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली सावली पडते आणि चेहरा थकलेला दिसतो. मॉडेलमध्ये त्या जागी डोक्याच्या उंचीवर एखादा साधा माणसाचा पुतळा ठेवून पाहा, नुसता गोळा ठेवलात तरी फरक कळतो. दिवा आरशाकडे ८ इंच सरकवला, १९ इंचांवर आणला, की उजेड चेहऱ्यावर समोरून उतरतो.

इतका जवळ आणल्यावर तो आरशात चमकून डोळ्यांवर येणार नाही का? मोजून पाहू. प्रतिबिंबातला दिवा आरशाच्या मागे १९ इंचांवर आणि जमिनीपासून १०८ इंचांवर. डोळा आरशापासून २८ इंचांवर आणि ६२ इंच उंचीवर. दोघांना जोडणारी रेघ आरशाच्या पातळीला साधारण ८९ इंचांवर छेदते. आरसा ७८ इंचांवर संपतो, म्हणजे दिवा दिसणार नाही. छताला चिकटलेल्या दिव्याचा हा फायदा. लटकता दिवा घेणार असाल तर हाच हिशेब त्याच्या उंचीने पुन्हा करावा लागेल.

कॅमेरा

दोन दृश्यं काढते. पहिलं समोरून, सुतारासाठी. साडेचार फुटांत समोरून अख्खी भिंत घ्यायची तर लोक १५-१८ मिमी लेन्स लावतात आणि बोळकंडीची हॉटेलची लॉबी होते. त्याऐवजी कॅमेरा भिंतीपासून १० फूट मागे, म्हणजे समोरच्या भिंतीच्याही पलीकडे न्या. लेन्स ३५, चित्र चौरस, कॅमेऱ्याची उंची ४ फूट. मध्ये येणारी भिंत निवडून Object Properties मधल्या Visibility खाली Ray Visibility मध्ये Camera ची खूण काढा. भिंत कॅमेऱ्याला दिसत नाही, पण आरशात दिसते आणि उजेडही परत फेकते. ती डिलीट केली किंवा रेंडरमधूनच वगळली तर आरशात पोकळी येते आणि खोली अर्धी अंधारते.

दुसरं दृश्य पाहुण्याच्या नजरेचं. कॅमेरा उंबरठ्यावर, लेन्स २४, उभं चित्र, तोंड किंचित डावीकडे, साधारण २० अंश. Rotation X बरोबर ९० ठेवा. जमीन जास्त हवी असेल तर कॅमेरा खाली न वाकवता Shift Y उणे करा, म्हणजे चौकटी आणि कपाटाच्या उभ्या रेषा उभ्याच राहतील. या दृश्यात एक कोल्हापुरी जोड कपाटाबाहेर, टाइलच्या सांध्याला जरा तिरका पडलेला ठेवते. घर वापरातलं वाटतंच, शिवाय तो जोड वाटेत किती आडवा येतो हेही दिसतं.

रेंडर

५१२ सॅम्पल आणि OpenImageDenoise एवढ्यावर काम होतं. भिंतींवर विखुरलेले चमकते ठिपके राहिले तर ते बहुधा आरशावरून भिंतीवर उडणाऱ्या प्रकाशाचे असतात. Light Paths मधल्या Caustics खाली Reflective बंद केलं की ते जातात. मात्र त्यासोबत आरशाने समोरच्या भिंतीवर टाकलेला उजेडही जातो, म्हणजे ती भिंत प्रत्यक्षात रेंडरपेक्षा थोडी उजळ असेल. गिऱ्हाइकाला हे सांगून ठेवा.

चित्र पाठवताना ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबलं जातं आणि मायक्याच्या रेषा पुसट होतात. सुताराला मात्र रेंडर एकटं देऊ नका. समोरच्या दृश्याच्या प्रिंटवर ९ इंच, ३ फूट, ६ इंच, २ फूट ८ इंच आणि आरशाची साडेतीन फुटांची खालची कड हाताने लिहून द्या. फॉल्स सीलिंगवाल्याला दिव्याचे १९ इंच वेगळे सांगा. मायक्याचा रंग रेंडरवरून पक्का करू नका, कारण घरातल्या प्रत्येक फोनच्या स्क्रीनवर तो वेगळा दिसतो. दुकानातून नमुन्याचे दोन-तीन तुकडे आणा, ३००० केल्विनचा एक बल्ब होल्डरला लावा आणि संध्याकाळी फोयरमध्येच भिंतीला टेकवून निवडा.